आठ मशीनचा हिशेब आणि चोवीसचा भाव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपनं गेल्या हंगामात ट्रॅक्टरमागे चालणारं ऊस लागण यंत्र पहिल्यांदाच बनवलं. मागच्या सीटवर बसलेला माणूस अख्खा ऊस आत सोडतो, यंत्र त्याच्या कांड्या करतं, रिजरनं पाडलेल्या सरीत त्या टाकतं, खत सोडतं आणि वरून माती लोटतं. उसाच्या सुरू हंगामातल्या लागणीसाठी अशी आठ यंत्रं जानेवारीअखेर एका व्यापाऱ्याकडं गेली. भाव होता नगामागे १,४५,००० रुपये. मार्चमध्ये त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. आणखी चोवीस हवी होती, जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीपर्यंत टप्प्याटप्प्यानं. पण भाव १,२८,००० लावा, असं त्याचं म्हणणं. "आता तुमच्या पोरांचा हात बसलाय की ओ," असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मी या वर्कशॉपचं कॉस्टिंग बघतो. मालकांचा प्रश्न सरळ होता: १,२८,००० ला घ्यायचं का नाही? आठ मशीनची सरासरी धरली तर नगामागे साडेसात हजारांवर तोटा दिसत होता. मालकांच्या पुतण्यानं, तो नुकताच कॉस्ट अकाउंटन्सीची परीक्षा देऊन आलाय, हात बसत जाईल तसे तास किती उतरतात हे सांगणारा पुस्तकातला ८० टक्क्यांचा लर्निंग कर्व्ह लावून दाखवला, तर जवळपास बारा हजार फायदा. एकाच कामाचे, एकाच दिवशी, एकाच टेबलावर काढलेले हे दोन आकडे. हे प्रकरण त्या दोहोंच्या मधे खरा आकडा कुठं आहे याचं आहे.

आधी जॉब कार्डं

लर्निंग कर्व्हचा मूळ नियम साधा आहे. अमेरिकेतल्या टी. पी. राइट या विमान अभियंत्यानं १९३६ साली विमानबांधणीच्या खर्चावरून तो मांडला. एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की नगामागचे सरासरी तास आधीच्या सरासरीच्या ठरावीक टक्क्यांवर येतात. हा टक्का ८० असेल तर पहिल्या नगाला १०० तास, दोन नगांची सरासरी ८०, चारांची ६४, आठांची ५१. घसरण प्रत्येक नगाला सारखी नसते, प्रत्येक दुपटीला सारखी असते. म्हणून सुरुवातीला धडाधड उतरणारे तास पुढं जाऊन हळूहळू उतरतात. एक ते दोन ही दुप्पट एका मशीनमध्ये होते, सोळा ते बत्तीस व्हायला सोळा मशीन लागतात.

हा टक्का कुठून आणायचा, खरी मेख तिथं आहे. पुस्तकात ८० टक्के असतात कारण राइटचं काम विमानांवरचं होतं आणि तेव्हाचं विमान म्हणजे बहुतेक हातानं जुळवायचं काम. ज्या कामात मशीनचा वाटा जास्त तिथं टक्का ९०, ९५ कडं सरकतो, कारण लेथवर लावलेलं फीड माणूस शिकला म्हणून वाढत नाही. आपला टक्का आपल्या कार्डांवरूनच काढावा लागतो, आणि कार्डं या वर्कशॉपमध्ये नशिबानं होती. मिस्त्री जुन्या वळणाचे, प्रत्येक माणसाचे प्रत्येक मशीनवरचे तास संध्याकाळी स्वतः लिहितात. अक्षर मात्र त्यांचं त्यांनाच वाचता येतं.

पहिलं काम म्हणजे तास वेगळे करणं. एका मशीनवर टर्निंग, ड्रिलिंग, रंगकाम आणि शेवटची ट्रायल मिळून ६० तास जातात. पहिल्या मशीनला ६० लागले, आठव्यालाही ५९. यात शिकण्यासारखं होतं ते ही माणसं आधीच्या पंधरा-वीस वर्षांत शिकून बसली आहेत, आणि रंग वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच. हे ६० तास कर्व्हबाहेर. लेझर कटिंग शिरोलीतून जॉबवर्कनं करून येतं, त्याचं बिल किलो आणि कटिंगच्या लांबीवर. तेही बाहेर. पत्रा, चॅनेल, बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट, वेल्डिंगची वायर, गॅस आणि हे कटिंग धरून मटेरियल ७८,००० रुपये. तेही बाहेर. उरले ते जुळणी, टॅक, वेल्डिंग आणि असेंब्लीचे तास. हात बसतो तो इथं, आणि कर्व्ह लावायचा तो एवढ्यालाच. पुतण्यानं हे बरोबर केलं होतं. मालक मात्र आधी अख्ख्या किमतीलाच ८० टक्के लावत होते, म्हणजे पत्र्याचा भावही आपल्या पोरांच्या हातावर उतरणार असा हिशेब.

दुसरं काम म्हणजे तासांतला कचरा काढणं. कार्डावर पहिल्या मशीनचे या सदरातले तास होते २९६. त्यातले ३६ तास एकाच गोष्टीत गेले होते. यंत्र ट्रॅक्टरला जोडायच्या थ्री पॉइंट लिंकेजची ब्रॅकेट ड्रॉइंगमध्ये उलट्या बाजूला दाखवली होती, ती ग्राइंडरनं कापून काढून फ्रेम साफ करून पुन्हा जोडावी लागली. ड्रॉइंग दुरुस्त झालं, ते ३६ तास परत येणार नाहीत. सहाव्या मशीनलाही तास वाढलेले दिसतात, कारण मुख्य वेल्डर भावाच्या लग्नाला गेला होता आणि त्याच्या जागी नवा मुलगा होता. ते तास मी ठेवले. लग्नं होतच राहणार, माणसं सुट्टीवर जातच राहणार. पुन्हा घडण्यासारखं असेल ते आकड्यात राहतं, एकदाच घडून संपलेलं बाहेर जातं. ते ३६ तास खर्च म्हणून खरेच आहेत, पण ते नवं उत्पादन उभं करण्याच्या खात्यात, चोवीस मशीनच्या भावात नव्हे.

कचरा काढल्यावरचा तक्ता असा:

| मशीन | त्या मशीनचे तास | एकूण तास | सरासरी |
|---|---|---|---|
| १ | २६० | २६० | २६०.० |
| २ | १८० | ४४० | २२०.० |
| ३ | १६२ | ६०२ | २००.७ |
| ४ | १५१ | ७५३ | १८८.३ |
| ५ | १३९ | ८९२ | १७८.४ |
| ६ | १५२ | १,०४४ | १७४.० |
| ७ | १२९ | १,१७३ | १६७.६ |
| ८ | १२१ | १,२९४ | १६१.८ |

आता दुपटी बघा. एक ते दोन: २६० वरून २२०, म्हणजे ८४.६ टक्के. दोन ते चार: ८५.६. चार ते आठ: ८५.९. टक्का ८५-८६ च्या आसपास ठाम आहे. तेच २९६ तास तसेच ठेवले असते तर पहिली दुप्पट ८०.४ टक्क्यांची दिसली असती. पुतण्याला पुस्तकातला आकडा आपल्याच वर्कशॉपमध्ये सापडल्यासारखा वाटला तो यामुळं. पहिल्या नगातली चूक कर्व्हला खोटा उतार देते: सुरुवात जितकी फुगलेली, तितकी नंतरची घसरण देखणी, आणि तितकाच पुढचा अंदाज फसवा. पहिल्या एक-दोन नगांवरून काढलेल्या टक्क्यावर म्हणून मी कधीच भाव देत नाही. चौथ्या किंवा आठव्या नगापर्यंत टक्का स्थिर राहतोय का हे बघतो. इथं तो वर सरकत होता, म्हणून मी ८६ धरला.

हात बसतो म्हणजे नेमकं काय होतं

आकडे टक्क्यात बसले म्हणून समाधान मानू नये. तास कुठं गेले हे मिस्त्रींकडून ऐकल्याशिवाय ते पुढंही असेच उतरतील का हे कळत नाही. मी विचारलं, तर ते मला फ्रेमपाशी घेऊन गेले.

या यंत्राची मुख्य फ्रेम बॉक्स सेक्शनची, चौकोनी. पहिल्या मशीनला सगळी एक बाजू वेल्ड करून मग दुसरी घेतली. वेल्ड थंड होताना आकसतं आणि फ्रेमला आपल्याकडं ओढतं. दोन्ही कर्ण टेपनं मोजले तर नऊ मिलिमीटरचा फरक. मग गॅसनं तापवून, जॅक लावून, थंड होऊ देऊन, परत मोजून फ्रेम सरळ करायला दीड दिवस गेला. फ्रेम वाकडी राहिली असती तर कांडी कापणाऱ्या रोलरचे दोन बेअरिंग एका रेषेत आले नसते आणि चेन सारखी उतरली असती. दुसऱ्या मशीनला वेल्डरनं समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्यापासून मिस्त्रींनी भंगारातल्या चॅनेलचा एक फिक्श्चर केला, चार कोपरे त्यात क्लॅम्प होतात. पाचव्या मशीनला कर्णाचा फरक दोन मिलिमीटरच्या आत होता, आणि तापवून सरळ करणं बंदच झालं.

"पहिल्यांदा माप घेत घेत काम करत हुतो, आता हातालाच माप कळतंय," असं वेल्डर म्हणाला. पण नीट बघितलं तर त्या सुधारणेत हाताचा वेग थोडाच आहे. बराचसा वाटा फिक्श्चरचा, वेल्डच्या क्रमाचा, आणि नट-बोल्ट, वॉशर, पिन एका ट्रेमध्ये मशीनवार काढून ठेवण्याचा आहे. आधी असेंब्लीचा माणूस सामान शोधत दुकानभर फिरायचा. हे माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. हाताचा वेग एका मर्यादेला जाऊन थांबतो, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जातो. फिक्श्चर आणि क्रम वर्कशॉपमध्येच राहतात. कर्व्ह दोन्ही एकत्रच मोजतो, वेगळं सांगत नाही. तो फरक माणसाला विचारूनच कळतो.

चोवीसचे तास

आठ झाली, चोवीस करायची, म्हणजे एकूण बत्तीस. आठ ते सोळा एक दुप्पट, सोळा ते बत्तीस दुसरी. लॉगॅरिदमची गरजच पडली नाही:

आठांची सरासरी १६१.७५. तिला ८६ टक्के लावले की सोळांची १३९.१. पुन्हा ८६ टक्के, बत्तिसांची ११९.६.

संख्या अशी सोयीची नसेल तर एक्सेलमध्ये एका ओळीत होतं. `32` च्या जागी हवी ती एकूण संख्या घालायची:

```
=161.75*(32/8)^(LOG(0.86)/LOG(2))
```

इथं एक खड्डा आहे, आणि त्यात पडलेली कोटेशन्स मी पाहिली आहेत. ११९.६ ही बत्तीसही मशीनची सरासरी आहे, नव्या चोवीसांची नाही. तिच्यात पहिल्या मशीनचे २६० तास बसलेत, आणि त्याचे पैसे व्यापाऱ्यानं कधीच दिलेत. एकूण काढून जुनं वजा करायचं: ११९.६ गुणिले ३२ म्हणजे ३,८२८ तास. त्यातून झालेले १,२९४ वजा. उरले २,५३४. भागिले २४, म्हणजे नव्या मशीनला १०५.६ तास.

बाकीच्या वाटांनी काय येतं तेही शेजारी मांडून ठेवलं. आठांची सरासरी तशीच धरली तर १६१.८. आठव्या मशीनचे तास तसेच पुढं चालवले तर १२१. पुतण्याच्या ८० टक्क्यांनी, तेही न काढलेल्या ३६ तासांसकट, ८६.५. मालकांना हा शेवटचा आकडा गोड वाटला होता. त्यांना एवढंच विचारलं, की सरासरी ८६.५ यायची तर शेवटची काही मशीन सत्तर-पंचाहत्तर तासांत व्हावी लागतील, मिस्त्रींना विचारून बघू. मिस्त्री हसले, म्हणाले, "पंच्याहत्तरात नुसता सांगाडा व्हतोय."

या हसण्यातून पुढचा प्रश्न निघाला. कर्व्ह कागदावर कुठंच थांबत नाही, शंभराव्या मशीनलाही तास उतरतच राहतात. प्रत्यक्षात वेल्डची लांबी तेवढीच, बोल्ट तेवढेच. मिस्त्रींबरोबर बसून काम तुकड्यातुकड्यानं मोजलं: सगळं सामान हाताशी, कोणी सुट्टीवर नाही, काही बिघडत नाही असं धरलं तरी शंभर तासांच्या खाली जाणं या पद्धतीनं अवघड. मग १०० हा तळ धरला. माझ्या कर्व्हवर एकूण मोजणीतलं चोविसावं मशीन बरोबर शंभराला येतं, त्यानंतरची आठ १०० वरच थांबवली. फरक पडला फक्त एकोणतीस तासांचा: २,५३४ चे २,५६३ झाले. या ऑर्डरीत तळाला फारसं महत्त्व नाही. पण उद्या याच व्यापाऱ्यानं आणखी पन्नास मागितली आणि तळ न धरता कर्व्ह पुढं ओढला, तर सगळी चूक तिथंच होईल.

मधल्या खंडाचे तास

जानेवारीअखेर शेवटचं मशीन गेलं आणि नवं काम एप्रिलच्या मध्याला सुरू होणार होतं. अडीच महिने ही माणसं फाउंड्रीच्या ट्रॉल्या आणि शेडचे ट्रस करत होती. कर्व्ह असा खंड मोजत नाही. तो असं समजतो की आठवं संपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नववं सुरू झालं.

विसरलेलं किती, हे अंदाजानंच काढावं लागतं, पण अंदाज सुटा नसावा. काय टिकलंय आणि काय गेलंय हे एकेक विचारलं. चारांपैकी तीन माणसं तीच. मिस्त्री तेच. फिक्श्चर मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं, गंजलेलं पण शाबूत. ड्रॉइंग दुरुस्त केलेलं. गेलं होतं ते एवढंच: एक असेंब्लीचा माणूस कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागला होता, आणि ट्रेमधली सामान काढून ठेवायची शिस्त मोडली होती. यावरून नववं मशीन पाचव्याच्या पातळीला, म्हणजे १४० तासांच्या आसपास सुरू होईल असं धरलं. कर्व्ह त्याला १२५ म्हणत होता. पुढच्या दोन-तीन मशीनमध्ये हा फरक विरून जाईल. सगळे मिळून ३० तास जास्तीचे घातले.

एकूण झाले २,५९३. नगामागे १०८ तास. हाच आकडा भावासाठी घेतला.

तासांचे पैसे

वर्कशॉपचा दर तासाला २६० रुपये आहे. मजुरी, वीज, भाडं, मालकांचा वेळ सगळं धरून. नगामागचा खर्च असा बसला: मटेरियल आणि कटिंग ७८,०००, न उतरणारे ६० तास १५,६००, उतरणारे १०८ तास २८,०८०. एकूण १,२१,६८०. व्यापाऱ्याच्या १,२८,००० मध्ये नगामागे ६,३२० उरत होते. तोटाही नाही, पुतण्याचे बारा हजारही नाहीत.

पण हे ६,३२० खरे कधी, याला एक अट आहे, आणि लर्निंग कर्व्ह शिकवताना ती बहुधा कोणी सांगत नाही. २६० रुपयांतले साधारण १७० मजुरीचे आहेत आणि ९० भाडं-वीज-इतर. पोरांना पगार महिन्याचा. मशीनला १६२ ऐवजी १०८ तास लागले म्हणून कोणाचा पगार कमी होत नाही, उद्यमनगरातलं भाडं तर नाहीच. वाचलेले तास दुसऱ्या कामाला लागले तरच ते पैसे वाचतात. या वर्कशॉपकडं फाउंड्रीवाल्यांचं फॅब्रिकेशनचं काम कायम रांगेत असतं, जागा नाही म्हणून परत जातं, म्हणून इथं दर पूर्ण धरणं रास्त होतं. काम नसलेल्या वर्कशॉपनं हाच हिशेब लावला तर कागदावर खर्च उतरतो आणि बँकेत काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. चोवीस मशीन आठ-आठच्या तीन लॉटमध्ये जाणार होती. १०८ ही तिन्ही लॉटांची सरासरी. वेगळे काढले तर खंडाचे ३० तास धरून पहिल्या लॉटला नगामागे १२० तास, दुसऱ्याला १०४, तिसऱ्याला १००. म्हणजे एकच भाव लावला तर पहिल्या लॉटमध्ये वर्कशॉप आपल्या फायद्यातून देतं आणि शेवटच्या लॉटमध्ये ते वसूल होतं. पहिला लॉट घेऊन व्यापारी थांबला तर वसुली होतच नाही. आडसालीची मागणी कशी निघेल हे त्यालाही माहीत नव्हतं. ऑर्डर तोंडी, ॲडव्हान्स फक्त पहिल्या लॉटचा. अशा व्यवहारात पुढच्या लॉटांची शिकवणी आजच्या भावात देऊन टाकायची नसते.

म्हणून भाव लॉटवार दिला. पहिली आठ १,३२,००० ला, पुढची सोळा १,२९,००० ला. सरासरी १,३०,०००. पहिल्या लॉटचा खर्च नगाला १,२४,८६५ येत होता, म्हणजे व्यापारी तिथंच थांबला असता तरी सात हजार सुटले असते. व्यापाऱ्याशी बोलताना मालकांनी कर्व्हचा विषयच काढला नाही. "आठ न्या १,३२ ला, मनासारखी चालली तर पुढं तीन हजार सोडतो," एवढंच. तोही जुना माणूस, एकदा नाही म्हणून, चहा घेऊन, हो म्हणाला. त्याच्या १,२८ पेक्षा सरासरी दोन हजार जास्त मिळाले ते यामुळं, की आपण कुठपर्यंत खाली जाऊ शकतो हे मालकांना बोलायला बसण्याआधी ठाऊक होतं.

पहिला लॉट झाल्यावर

अंदाज होता आठ मशीनला ९६२ तासांचा. झाले ९७६. नववं १४६ तास घेऊन बसलं, अंदाजापेक्षा सहा जास्त, कारण नव्या असेंब्लीवाल्यानं चेनचं टेन्शनर उलटं बसवलं होतं. दहावं १३१, अकरावं १२६. मग ११९, ११७, ११४, ११३, ११०. कर्व्ह सोळाव्याला ११० च म्हणत होता.

एकूण बेरीज जुळली म्हणून मी खूश नव्हतो, शेवटच्या चारांकडं बघत होतो. सुरुवातीचे जास्तीचे तास खंडाचे आहेत, ते विरणारच होते. कर्व्ह जिवंत आहे की नाही हे शेवटच्या काही नगांवरून कळतं. ११७, ११४, ११३, ११० हे अजून उतरतंय. हेच ११७, ११८, ११६, ११८ असं आलं असतं तर तळ शंभराला नसून इथंच लागला असं धरून पुढच्या दोन लॉटांचा खर्च लगेच पुन्हा मांडावा लागला असता. तसं झालं की आधी माणसं बदलली का, ओव्हरटाइम वाढला का, सामान उशिरा येतंय का हे विचारायचं. कारण सापडलं नाही तर तळ आला असं समजायचं. हे बघायला मिस्त्रींच्या टेबलामागच्या भिंतीवर मी एक लॉग ग्राफ पेपर लावून दिला. दोन्ही बाजू लॉगच्या असल्या की कर्व्ह सरळ रेषा दिसतो, आणि रेषेवरून ठिपके वर सरकायला लागले की वेगळं काही सांगावं लागत नाही. मिस्त्री आता ठिपका स्वतः मारतात.

दुसऱ्या लॉटच्या तोंडावर व्यापाऱ्यानं नवीन मागणी काढली. खताची पेटी मोठी हवी आणि पत्र्याऐवजी स्टेनलेसची, कारण खतानं जुनी पेटी गंजते अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मालक म्हणाले, पेटी ती पेटीच, मटेरियलचा फरक लावू. पण स्टेनलेसचा पातळ पत्रा वेल्ड करणं या पोरांना नवं होतं, उष्णतेनं तो पापडासारखा फुगतो. मशीनचं बाकी काम सतराव्या नगावर असलं तरी ही पेटी पहिल्याच नगावर होती. जुन्या पेटीचे तास एव्हाना १२ वर आले होते. नव्या पेटीच्या पहिल्या नगाला मिस्त्रींनी ३० तास सांगितले. आमचाच ८६ टक्क्यांचा कर्व्ह तिला पहिल्यापासून लावला तर सोळा पेट्यांची सरासरी १६.४ तास येते, म्हणजे नगामागे ४.४ तास जास्त, ११५० रुपयांच्या आसपास. स्टेनलेसचा मटेरियल फरक त्यावर वेगळा. हा आकडा घेऊन मालक व्यापाऱ्याशी बोलले, आणि पुढच्या सोळांचा भाव पेटीच्या मजुरीपोटी नगाला १,२०० रुपयांनी आणि मटेरियलच्या बिलाप्रमाणे वाढवून ठरला.